फोटोतल्या मगचा कान खालून सुटलाय, आणि गिऱ्हाईक विचारतंय तडा आहे का

"ताई नमस्कार, आमचं गंगापूर रोडला छोटं सिरॅमिकचं दुकान आहे, मग बायको बनवते आणि विक्री मी बघतो. दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सची घाई होती म्हणून निळ्या मगचा फोटो काढत न बसता एआयवर बनवून घेतला आणि व्हॉट्सअप कॅटलॉगला टाकला, दिसायला एक नंबर होता. दोन दिवसांत चार जणांनी विचारलं की कानाला खाली तडा आहे का, एकीने तर लाल गोल करून पाठवला, दोन ऑर्डर कॅन्सल झाल्या. बायको म्हणते माझे कान कधी असे असतात का, आणि धड बोलत नाहीये. तेवढा कान दुरुस्त करून फोटो परत टाकला तर चालेल का? आणि या लोकांना काय सांगू?"
– एक वाचक, नाशिक

दादा, आधी तो फोटो कॅटलॉगमधून काढा, मग पुढचं वाचा. वहिनींचा राग मला पूर्ण पटतो, का ते सांगते.

तुम्ही पाठवलेला फोटो मी लॅपटॉपवर मोठा करून बघितला. मोबाईलवर पटकन बघितलं तर खरंच सुंदर वाटतो, निळं ग्लेझ, खाली लाकडी टेबल, मागे पणत्या. पण कानावर नजर नेली की गडबड दिसते. वरचा सांधा छान जाड आहे, अंगठा ठेवायची जागा पण आहे, मग कान वळून खाली येतो तसा बारीक होत जातो, आणि जिथे त्याने मगच्या पोटाला टेकायला पाहिजे तिथे एक काळपट रेघ आहे. ती सावली वाटत नाही. म्हणजे कान पोटाला टेकलेलाच नाही, टेकायच्या आधीच संपलाय. आता कानाच्या भोकातून पलीकडे बघा, टेबलाची मागची कड मगच्या डावीकडे एका उंचीवर आहे आणि भोकातून दिसते ती चांगली बोटभर वर. आणि टेबलावर मगची सावली पडलीय तिला कानच नाही. या शेवटच्या दोन गोष्टी तुम्हाला कुणी बोलून दाखवल्या नाहीत, पण त्यांच्यामुळेच माणसाला काहीतरी खटकतं, तो नीट बघायला लागतो आणि मग ती रेघ सापडते.

आता लोक बरोबर कानच का पकडतात. मग विकत घेताना आपण काय करतो, हातात घेतो, बोटं कानात घालतो, वजन बघतो. फोटोवरून घेताना हात नाही लावता येत तर डोळे तेच काम करतात, सरळ कानावर जातात. तीनशे मिली चहा भरला आणि मग स्वतः साडेतीनशे ग्रॅमचा असला तर साडेसहाशे ग्रॅम गरम वजन दोन सांध्यांवर लटकतं. ज्याच्या हातात कधी एकदा कान आला आणि कप खाली गेला तो माणूस आयुष्यभर तो सांधा बघूनच कप घेतो, आणि अशी माणसं प्रत्येक घरात आहेत.

आणि मातीच्या बाजूने बघितलं तर त्यांची शंका अगदी योग्य जागी आहे. मी स्वतः तीन वर्षं चाकावर काम केलंय. मगचा कान सगळ्यात जास्त वेळा सुटतो तो सांध्यापाशीच. पोट आणि कान दोन्ही सारख्या ओलाव्याचे पाहिजेत, हाताला चामड्यासारखे लागतील इतपत सुकलेले, मग दोन्हीकडे सुईने ओरखडे मारायचे, पातळ मातीचा लेप लावायचा, दाबून बसवायचं आणि रात्रभर प्लॅस्टिकखाली झाकून हळूहळू सुकू द्यायचं. स्टोनवेअरची माती ओल्यापासून पक्क्या भाजणीपर्यंत साधारण दहा ते बारा टक्के आकसते. कान बारीक असतो, तो पोटाच्या आधी सुकतो, आधी आकसतो आणि सांध्यातून स्वतःला ओढून घेतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये ते कोरडं वारं सुटलं की झाकायला एक तास उशीर झाला तरी केसासारखी रेघ पडते, वहिनींना विचारा, त्यांनी असे किती मग भट्टीत न घालता परत मातीत मोडले असतील. म्हणून म्हटलं राग पटतो. ज्या एका गोष्टीसाठी त्या रात्री उठून प्लॅस्टिक नीट करतात, नेमकी तीच चूक त्यांच्या नावावर चार लोकांना दिसली, आणि ती त्यांनी केलेलीच नाही.

मशीनने असं का केलं हे पण कळायला पाहिजे, कारण त्यावरूनच ठरतं की दुरुस्ती करायची का नाही. फोटो बनवणारे हे बहुतेक एआय नुसत्या खडबडीतून सुरू होतात, जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या ना तसं, आणि टप्प्याटप्प्याने त्यातली खडबड काढत काढत चित्र बाहेर आणतात. मोठे आकार आधी ठरतात, इथे मग, तिथे टेबल, बारीक गोष्टी नंतर भरल्या जातात. मशीनने मगचे लाखो फोटो बघितलेत पण मग हातात कधी धरला नाही, त्यामुळे कान म्हणजे मातीची एक सलग पट्टी, तिची दोन टोकं दोन जागी पक्की चिकटलेली, हा हिशोब त्याच्याकडे असा वेगळा नसतोच. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग येतो एवढंच त्याला माहिती. आणि खऱ्या फोटोंमध्ये खालचा सांधा कितीदा दिसतच नाही, कधी मगच्या मागे गेलेला असतो, कधी बोटांनी झाकलेला. मग मशीन त्या जागेवर काहीतरी मधलं भरतं, थोडं टेकलेलं थोडं न टेकलेलं. भोकातली टेबलाची कड चुकली ती पण याच कारणाने, भोकाच्या आतला तुकडा आणि बाहेरचा तुकडा हे एकच टेबल आहे हे त्याला जुळवता आलं नाही.

त्यात अजून एक भानगड आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये सगळं काम पूर्ण आकाराच्या चित्रावर होत नाही, चित्र प्रत्येक बाजूने आठपट दाबून छोट्या जाळीवर होतं आणि शेवटी परत मोठं केलं जातं. तुमचा फोटो १०२४ पिक्सेलचा आहे, म्हणजे आत १२८ चौकटींची जाळी. त्यात कानाची जाडी साधारण ४० पिक्सेल, म्हणजे फक्त पाच चौकटी, आणि ती काळी रेघ आठ-नऊ पिक्सेलची, म्हणजे जेमतेम एक चौकट. मगचं पोट मोठं आहे म्हणून ते मस्त आलं, कान बारीक म्हणून तिथे घसरलं. बांगड्या, चष्म्याच्या काड्या, सायकलचे स्पोक, हातांची बोटं, सगळीकडे हाच प्रकार होतो.

आता तुमचा प्रश्न, तेवढा कान दुरुस्त करून परत टाकू का. दुरुस्ती होते, आणि दिवाळीच्या शुभेच्छांचं कार्ड करत असाल, ज्यात विकायचा माल म्हणून मग दाखवत नाही, तर जरूर करा. फक्त तिथे सगळे एक चूक करतात, ब्रशने नुसत्या त्या काळ्या रेघेवर खूण करतात आणि परत बनव म्हणतात. मशीन मग आजूबाजूचं बघून तेच पुढे चालवतं, आजूबाजूला सुटलेला कान आहे म्हणून परत सुटलेलाच कान येतो, तुम्ही वीस वेळा बटण दाबा. खूण करायची ती अख्ख्या कानावर, भोकासकट, आणि दोन्ही सांध्यांपाशी मगच्या पोटात अंगठाभर आत जाऊन, म्हणजे त्याला कान नव्याने बांधायला जागा मिळते. जर तुमच्या ॲपमध्ये किती बदलायचं त्याची पट्टी असेल तर ती मधोमध ठेवा, अर्ध्याच्या किंचित वर. फार खाली ठेवली तर जुनीच रेघ नुसती पुसट होऊन राहते, फार वर नेली तर कान वेगळ्याच निळ्या रंगाचा येतो, जणू दुसऱ्या मगचा काढून लावलाय. आणि एखाद्या ॲपमध्ये निवडलेला भागच मोठा करून पूर्ण रिझोल्यूशनवर बनवायची सोय असेल तर ती चालू करा, मग पाच चौकटींच्या जागी कानाला खूप जास्त जागा मिळते आणि निम्मा त्रास तिथेच संपतो. चार-पाच वेळा करून बघा आणि त्यातला एक निवडा, निवडताना फोटो उलटा करून बघा, वरचं खाली. उलट्या फोटोत डोळ्याला सवयीचा मग दिसत नाही, नुसते आकार दिसतात, आणि न टेकलेलं टोक लगेच कळतं.

पण कॅटलॉगला मात्र हा दुरुस्त केलेला फोटो पण टाकू नका. कान जोडला गेला तरी तो मग वहिनींचा नाही. वहिनींच्या मगचा तुम्ही मला दुसरा साधा फोटो पाठवलाय ना, गोदामातला, त्यात कान वर थोडा चपटा आहे आणि खाली सांध्यावर त्यांच्या अंगठ्याचा दाब उमटलाय, ग्लेझ त्या खळग्यात साचून गडद निळं झालंय. किती छान दिसतंय ते! एआयच्या मगमध्ये ते कुठेच नाही. गिऱ्हाइकाने तो फोटो बघून पैसे भरले आणि घरी वेगळाच मग आला तर परत तुम्हालाच फोन येणार. कायदा पण इथे स्पष्ट आहे, ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये विक्रेत्यावर जबाबदारी आहे की जाहिरातीत दाखवलेलं खऱ्या मालाशी जुळलं पाहिजे, आणि दाखवल्यासारखा माल नसेल तर परत घ्यायला नाही म्हणता येत नाही.

मग करायचं काय, तर मग खरा आणि मागचं बॅकग्राउंड एआयचं. घाईत पण हे एका सकाळी होतं. खिडकीजवळ टेबल घ्या, थेट ऊन नको, पडद्यातून आलेला उजेड पाहिजे. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा म्हणजे मगची अंधारातली बाजू काळी पडत नाही. मोबाईल मगच्या मधल्या उंचीवर धरा आणि हातभर नाही, चांगला मीटरभर लांब जाऊन दुप्पट झूम करून काढा, जवळून काढला की मगचं तोंड फुगतं आणि कान एवढासा दिसतो. आणि मग फिरवून कान घड्याळात चार वाजता काटा असतो तसा ठेवा, थोडा तुमच्याकडे आणि थोडा उजवीकडे. कान सरळ बाजूला ठेवला तर चालतो पण सपाट दिसतो, मागे नेला तर खालचा सांधा लपतो. चार वाजता ठेवला की दोन्ही सांधे दिसतात, भोक उघडं दिसतं आणि पट्टीची जाडी पण कळते.

फोटो झाला की ॲपमध्ये मग कापून वेगळा करायचा आणि फक्त मागचं बदलायला सांगायचं, मगला हात लावू द्यायचा नाही. इथे सगळ्यात जास्त लक्ष भोकाकडे द्या. आपोआप कापणारी ॲप बाहेरची कड मस्त कापतात पण भोकाच्या आतला तुकडा मगचाच भाग समजून ठेवून देतात. माझ्या हातून हे झालेलं आहे, गेल्या वर्षी एका बाईंच्या चहाच्या सेटचं कार्ड मी केलं, मागे पांढरं आणि कानाच्या भोकात माझ्या स्वयंपाकघराची हिरवी भिंत, तीनशे कार्डं छापून आल्यावर त्यांनी मला दाखवलं, सगळी परत छापून दिली मी. तेव्हापासून कापलं की आधी भोक मोठं करून बघते, मगच पुढे.

दुसरं, कापताना मगच्या बुडाखालची खरी सावली बोटभर तशीच राहू द्या, ती काढली की मग टेबलाच्या वर तरंगतोय असं वाटतं. आणि बॅकग्राउंड मागताना उजेडाची दिशा सांगा. तुमच्या ग्लेझवर खिडकीचा पांढरा चौकोन चमकतो तो ज्या बाजूला आहे त्याच बाजूने उजेड पाहिजे, तो डावीकडे असेल तर लिहा की उजेड डावीकडून मऊ येतोय, नाहीतर पणत्या उजवीकडे पेटलेल्या आणि मग डावीकडून चमकतोय असं होतं आणि परत लोकांना खटकतं. टेबलाची मागची कड पण शक्यतो ठेवूच नका, मागे नुसता धूसर रंग मागा, म्हणजे भोकातून दिसणारी रेघ जुळतेय का नाही हा प्रश्नच राहत नाही. आणि फोटोखाली एक ओळ टाका, मग खरा आहे, मागचं दृश्य एआयने बनवलंय. कुणी त्यावरून ऑर्डर कॅन्सल करणार नाही.

आता त्या चार लोकांना काय सांगायचं. कृपा करून फोटोमध्ये तसं दिसतंय, प्रत्यक्षात काही नाही, एवढंच लिहू नका, दुकानदार तडा गेलेला माल खपवताना पण हेच म्हणतो. सरळ खरं सांगा. मी असं लिहिलं असतं: "तुम्ही बरोबर पकडलंत. तो फोटो खऱ्या मगचा नव्हता, घाईत एआयवर बनवला होता, आणि कान त्याने चुकीचा काढला. आम्ही तो काढून टाकलाय. हा आपला खरा मग, कान जवळून दाखवतोय." आणि त्याच्यासोबत दोन गोष्टी पाठवा. एक, खालच्या सांध्याचा अगदी जवळून काढलेला फोटो, ज्यात वहिनींच्या अंगठ्याची खूण दिसेल. दुसरं, दहा सेकंदांचा व्हिडिओ, मगमध्ये वाफाळता चहा ओतायचा आणि एका हाताने कानाला धरून उचलायचा, मागे तुमच्या दुकानाचा नेहमीचा आवाज असला तरी चालेल, गाणं लावू नका. ज्यांनी कॅन्सल केलं त्या दोघांना पण हेच पाठवा, परत ऑर्डर करा असं म्हणू नका, नुसतं पाठवा. जिने लाल गोल करून पाठवला तिला वेगळं थँक्यू म्हणा, तिने वेळ काढून खूण केली, बाकीचे कितीतरी जण काही न बोलता पुढे गेले असतील.

ज्यांनी तो फोटो बघून आधीच पैसे भरलेत आणि काही विचारलं नाही, त्यांना पण पार्सल जायच्या आधी खरा फोटो पाठवून विचारा की हा चालेल ना. एक-दोन नाही म्हणतील, त्यांचे पैसे लगेच परत करा.

आणि पाठवायच्या आधी तो व्हिडिओ वहिनींकडूनच करून घ्या, चहा त्यांनी ओतायचा, मग त्यांनी उचलायचा. मग कुठला निवडायचा, कान कुठल्या बाजूने चांगला दिसतो, हे पण त्यांनाच ठरवू द्या, तुम्ही फक्त मोबाईल धरा. सकाळी नऊ-साडेनऊला तुमच्या दुकानात पुढच्या काचेतून उजेड येतो असं तुम्ही लिहिलंय, शटर अर्धं वर करून गिऱ्हाईक यायच्या आत काढून टाका.